मदत हवी आहे: टॉकबॅकसाठी यादी सोपी केली, तर व्हॉइस अ‍ॅक्सेसला बटणंच सापडेनात

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, पंचवटीत राहतो. कांद्याच्या बाजारभावाचं एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. जिल्ह्यातल्या नऊ बाजार समित्यांची यादी आहे. प्रत्येक ओळीत समितीचं नाव, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, आणि उजवीकडे तीन आयकॉन: फोन, शेअर आणि आवडीचा तारा.

हे अ‍ॅप रोज वापरून बघणारी घरची दोन माणसं आहेत. मामांची नजर मधुमेहाने गेली, ते टॉकबॅकवर फोन चालवतात. शेजारच्या काकांना अर्धांगवायू झालाय, उजवा हात चालत नाही. ते व्हॉइस अ‍ॅक्सेस वापरतात.

पहिल्यांदा मामांच्या हातात दिलं तेव्हा एका ओळीत आठ थांबे होते. पाच आकडे-नावं आणि तीन आयकॉन. शेवटच्या उमराण्याच्या ओळीपर्यंत जायला 64 वेळा बोट सरकवावं लागलं. येवल्याशीच मामा म्हणाले, "अरे, एवढ्यात मी लासलगावला फोन लावून विचारलं असतं." मला फार लागलं ते.

मग पूर्ण ओळ एकच थांबा केली, आयकॉनना `importantForAccessibility="no"` दिलं आणि फोन-शेअर-तारा ओळीच्या कृतींमध्ये घातले:

```kotlin
ViewCompat.addAccessibilityAction(row, "फोन करा") { _, _ ->
    openDialer(item)
    true
}
```

मामा खूश. आता तीन बोटांनी टॅप करून मेनू उघडतात आणि "कृती"मधून फोन लावतात. पण काकांनी "शो नंबर्स" म्हटलं, तर आकडा फक्त ओळीवर आला. फोनच्या आयकॉनवर आकडाच नाही! दोघांसाठी एकच यादी कशी करू?

दुसरं म्हणजे, आयकॉन 56dp चे केलेत. तरी काकांचा डावा अंगठा निम्म्या वेळा चुकतो आणि ओळच उघडते. आकार पुरेसा असून असं का होतं?

सातपूर_डेव्ह

56 कमी पडत असेल तर 72 करा. अँड्रॉइडचा सल्ला किमान 48dp चा आहे, त्यापेक्षा मोठं केलेलं कधीही बरं. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर चालवा. तो एकही चूक दाखवत नसेल तर डिझाइन बरोबर आहे असं समजा.

भाऊ_निफाडकर

माझ्या आईच्या फोनवर हे टॉकबॅक आपोआप चालू झालंय. बोट लावलं की बोलतं, उघडत काहीच नाही, यादी सरकत नाही. कसं बंद करायचं? धाग्याशी संबंध आहे म्हणून इथेच विचारतो.

स्वरा_ऐकते

भाऊ, आधी तुमचं. शॉर्टकट चालू असेल तर आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरा, बंद होईल. बहुतेक खिशात तशीच दाबली जाऊन चालू झालं असेल. तोपर्यंत उघडायला दोनदा टॅप आणि सरकवायला दोन बोटं.

आता गोदाकाठचा. मी जन्मापासून पाहू शकत नाही आणि अ‍ॅप तपासण्याचंच काम करते. तुमचा 56dp चा आकडा कसा आला ते सांगाल का? आयकॉन 24 आणि भोवती 16-16 चा `layout_margin`, असं आहे का?

गोदाकाठचा

अगदी तसंच आहे, ताई. तुम्हाला कसं कळलं?

स्वरा_ऐकते

ही चूक मला सगळ्यात जास्त सापडते. मार्जिन बटणाच्या बाहेर असतं, तिथे टेकलेलं बोट ओळीलाच लागतं. म्हणजे काकांना फोनचं बटण 24dp चंच मिळतंय. बटणाची रुंदी-उंची 56dp करा आणि तीच जागा `padding`मध्ये द्या, म्हणजे दाबण्याची जागा 56 होईल आणि चित्र दिसायला तेवढंच राहील. खात्री करायची असेल तर `no` तेवढ्यापुरतं काढा, टॉकबॅक चालू करून आयकॉनवर बोट ठेवा आणि डोळस माणसाला चौकट बघायला सांगा. ती आयकॉनला चिकटून बसली तर जागा लहान आहे.

सातपूर_डेव्ह, आकाराबद्दल बरोबर आहात, पण 72 केलं तरी मार्जिन असेल तर चूक तिथेच राहील. आणि स्कॅनर नाव नसलेलं बटण, लहान जागा, फिका रंग पकडतो. एका ओळीत आठ थांबे आहेत, ही त्याच्या लेखी चूकच नाही. मामांना मात्र तीच नडली.

मुख्य प्रश्नाचं कारण असं. `no` दिलं की ते बटण टॉकबॅकसाठीच नाही, व्हॉइस अ‍ॅक्सेससाठीही नाहीसं होतं. दोघंही स्क्रीनचा एकच आराखडा वाचतात. ओळीवर टाकलेल्या कृती टॉकबॅकच्या मेनूत येतात, पण त्यांना स्क्रीनवर जागा नाही. मग आकडा कुठे लागणार?

मी असते तर यादीतून तिन्ही आयकॉन काढले असते. ओळीचं काम एकच, समिती उघडणं. आतल्या पानावर पूर्ण रुंदीची तीन बटणं, एकाखाली एक, वर अक्षरात लिहिलेलं: फोन करा, शेअर करा, आवडीत ठेवा. मामांना यादीत नऊच थांबे, काकांना प्रत्येक बटणावर आकडा, आणि अंगठा चुकायला शेजारी दुसरं बटणच नाही.

गोदाकाठचा

पॅडिंग लगेच बदललं. काकांनी सलग दहा वेळा दाबलं, एकदाच चुकलं. तुमचे मनापासून आभार.

आयकॉन काढायला मात्र मन होत नाही. घाईतले शेतकरी यादीतूनच थेट फोन लावतात, त्यांना एक पान जास्त उघडावं लागेल.

काकांचं आणखी एक. त्यांच्या फोनवर व्हॉइस अ‍ॅक्सेसच्या भाषांमध्ये मराठी नाही. इंग्रजीत "टॅप लासलगाव" म्हटलं तर देवनागरी नावाशी जुळत नाही. ओळीच्या `contentDescription`मध्ये रोमन लिपीत Lasalgaon लिहून टाकू का?

स्वरा_ऐकते

नको, कृपा करून नको. टॉकबॅक पडद्यावरचं सोडून तेच वाचेल, मग मामांना मराठी ओळीत परक्या उच्चाराचं नाव ऐकावं लागेल आणि दर गायब होतील. काकांसाठी "शो नंबर्स"च ठेवा.

त्या जागी वाक्य द्यायचंच असेल तर मराठीत द्या. "₹1,850/क्विं." हे यंत्राच्या तोंडून कसं येतं ते डोळे मिटून ऐका. माझ्या फोनवर ती तिरकी रेघ आणि अर्धा शब्द कानाला टोचतो. "लासलगाव, सर्वसाधारण दर 1850 रुपये क्विंटल, आवक..." असं ओळीला एक वाक्य द्या. आधी सर्वसाधारण दर, कारण मामा तेवढंच ऐकून पुढे सरकणार. पडद्यावर हवं ते लघुरूप ठेवा.

सातपूर_डेव्ह

स्कॅनरचं मान्य. पण आयकॉन ठेवायचे असतील तर एक वाट आहे. `isTouchExplorationEnabled` खरं असेल तेव्हाच आयकॉनना `no` द्यायचं. टॉकबॅक चालू असताना ते खरं असतं, नुसत्या व्हॉइस अ‍ॅक्सेसने होत नाही. मामांना कृती मिळतील, काकांना आयकॉन. अ‍ॅप उघडं असताना कोणी टॉकबॅक चालू-बंद केलं तर ते ऐकणारा लिसनर तेवढा लावा, नाहीतर यादी जुन्याच अवस्थेत राहील.

स्वरा_ऐकते

चालेल ते, पण मला पटत नाही. टॉकबॅक आणि आवाजी हुकूम दोन्ही एकदम वापरणारी माणसं मी पाहिली आहेत. हात थरथरतो आणि दिसतही नाही, असं कोणी आलं तर त्याचे आयकॉन पुन्हा गेले. शिवाय पुढच्या वेळी यादी बदलताना दोन अवस्था तपासायचं कोण लक्षात ठेवणार?

गोदाकाठचा

दोन्ही करून बघतो. रविवारी मामा आणि काका ओट्यावर एकत्र बसतात, तेव्हा दोघांनाही दोन्ही प्रती देईन आणि नामपूरला फोन लावायला सांगेन. टॉकबॅकच्या मेनूतून स्क्रीन काळी करून मी स्वतःही करून बघतोय, आज तिसऱ्या ओळीलाच अडकलो. तारा दाबल्यावर तो लागला की निघाला, हे कळलंच नाही. त्याचं रविवारनंतर इथेच विचारतो.