मदत हवी आहे: हॅकेथॉनमधील यंत्र आणि पेटंट अर्ज यांतील माझा वाटा बायोडेटात कसा लिहावा?

ऐरोलीची_मी:
नमस्कार. मी नवी मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका ३६ तासांच्या हॅकेथॉनमध्ये आम्ही सहा जणांनी, सोसायटीच्या गच्चीवरील टाकीची पातळी मोजून पंप आपोआप बंद करणारे यंत्र केले. त्यानंतर, म्हणजे ११ महिन्यांपूर्वी, महाविद्यालयाने प्रोव्हिजनल पेटंट अर्ज दाखल केला. त्यात शोधकर्ते म्हणून आमचे सर, मी आणि एक मित्र अशी तीन नावे आहेत. बायोडेटात मी लिहिले आहे: "पाणीपातळी यंत्राची रचना व निर्मिती केली, पेटंटप्राप्त." हे वाक्य मलाच खटकते आहे, कारण मूळ कल्पना सरांची होती, मोबाइल ॲप दोघा मित्रांनी केले आणि माझ्याकडे फक्त अल्ट्रासॉनिक सेन्सरचे काम होते.

त्या कामातला एक निर्णय मात्र पूर्णपणे माझा आहे. हॅकेथॉनमध्ये आम्ही बादलीवर चाचणी केली आणि पाच मोजमापांची सरासरी घेतली. पुढे खऱ्या टाकीवर पाणी भरत असताना आकडे उड्या मारू लागले, कारण सेन्सरचा ध्वनी कधीकधी वरून पडणाऱ्या धारेवरच आदळून परत येत होता. पाणी ६० सेंटिमीटर खाली असताना एखादे मोजमाप २० आले, तर सरासरी ५२ होते आणि पंप वेळेआधी बंद पडतो. म्हणून मी पाचही आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला. मग एक-दोन चुकीचे आकडे आले तरी उत्तर ६०च राहते. हे सगळे कसे मांडावे?

रबाळे_इंजिनिअर:
पेटंट हातात आले नसेल तर त्याचा उल्लेखच करू नका. खोटा दावा केल्यास कायद्याने दंड होतो.

मासुंदा:
मी ठाण्यात पेटंट अर्जांचेच काम करतो. दंडाचे ते कलम, म्हणजे १२०, विकल्या जाणाऱ्या वस्तूवरील खोट्या दाव्याबद्दल आहे. बायोडेटाला ते लागू होत नाही. तरी "पेटंटप्राप्त" हा शब्द चूकच आहे, तो काढा. "प्रोव्हिजनल अर्ज दाखल, अर्जदार महाविद्यालय, तीन शोधकर्त्यांपैकी एक" असे लिहिले तर ते खरे आहे आणि त्यात कमीपणाही नाही.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे पूर्ण वर्णन, दाखल झाले नाही, तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. तुमच्याकडे एकच महिना आहे. शिवाय मधला आकडा घेण्याची पद्धत प्रोव्हिजनलच्या मजकुरात आहे का? नसेल, तर त्या भागाला ११ महिन्यांपूर्वीची तारीख मिळणार नाही, आणि तो आता सार्वजनिक झाला तर त्याच्या नावीन्यावर हरकत येऊ शकते. खरे तर हा धागाही त्यात मोडतो. संपादकांना सांगून तो तपशील आधी काढून घ्या आणि तो इथे दिसत होता हे सरांपासून लपवू नका.

घणसोलीतला:
माझेही असेच झाले. सर्किट मी केले, पण शोधकर्त्यांत नाव नाही. बायोडेटात "सहशोधकर्ता" लिहू का?

मासुंदा:
लिहू नका. सर्किट जोडणे आणि शोधात भर घालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची भर खरोखर शोधातली असेल, तर पेटंट मंजूर होण्यापूर्वी फॉर्म ८ भरून मागणी करता येते. तोपर्यंत "सर्किट मी केले" एवढेच लिहा.

ऐरोलीची_मी:
आजच सरांना विचारले. प्रोव्हिजनलमध्ये फक्त सरासरीच आहे. मधल्या आकड्याचा भाग घालून कम्प्लीट स्पेसिफिकेशन पुढच्या आठवड्यात जाईल, असे ते म्हणाले. धाग्याबद्दलही त्यांना सांगितले आहे आणि संपादकांना तो तपशील काढायची विनंती पाठवली आहे. बायोडेटाचा नवा मजकूर असा आहे:

"सहा जणांच्या गटात सेन्सर मोजमापाची जबाबदारी. हॅकेथॉनमधील चाचणी बादलीवर. नंतर खऱ्या टाकीवर, पाणी भरताना येणारी चुकीची मोजमापे वगळण्याची पद्धत ठरवली व तपासली. मूळ कल्पना मार्गदर्शकांची, ॲप सहकाऱ्यांचे. प्रोव्हिजनल पेटंट अर्ज दाखल (अर्जदार महाविद्यालय), तीन शोधकर्त्यांपैकी एक."

रबाळे_इंजिनिअर:
दंडाबद्दल माझा गैरसमज होता, मान्य. पण मी मुलाखती घेतो, आणि "पद्धत ठरवली" एवढ्यावर मला काहीच समजणार नाही. कोणती पद्धत आणि ती का निवडली, हेच मी विचारीन.

मासुंदा:
कम्प्लीट दाखल होईपर्यंत फक्त अडचण सांगा, म्हणजे धार, चुकीचे मोजमाप आणि ६०चे ५२ कसे होतात ते. उपाय नंतर.

रबाळे_इंजिनिअर:
मग मुलाखत या आठवड्यातच असेल तर? अडचण प्रत्येक उमेदवाराला सांगता येते.

ऐरोलीची_मी:
माझी मुलाखत शुक्रवारीच आहे. कंपनीकडून गोपनीयतेचे पत्र मागणे विद्यार्थ्याला शोभेल का, की सरांनाच अर्ज गुरुवारपर्यंत द्यायची विनंती करावी? कुणी असे केले असेल तर कृपया सांगावे.