मुद्दाम हरणाऱ्या टीमला पहिला पोरगा का मिळावा? ड्राफ्टच्या चिठ्ठ्या ठेवायच्या कशा?

शाहू स्टेडियम गेट:
आमच्या १५ वर्षांखालच्या फुटबॉल लीगला ८ टीम आहेत, प्रत्येकीचे १४ सामने, वरच्या ४ सेमीला जातात. जुनी पोरं टीमकडंच राहतात आणि दरवर्षी ४ नवी पोरं ड्राफ्टमधनं घ्यायची, तळातल्या टीमला पहिली निवड. गेल्या सीझनला शेवटच्या दिवशी तळातल्या दोन टीम समोरासमोर आल्या आणि दोघांनीबी मेन स्ट्रायकर बसवून ठेवले, एकानं तर कीपरला पुढं खेळवलं. ट्रायलला दिसलेला एक डावखुरा पोरगा दोघांना पाहिजे होता. यंदा लॉटरी करायची म्हणतोय. कशी ठेवावी, म्हंजे हरून कुणाचा फायदा होणार नाही?

रंकाळा काठ:
सोपं आहे की. सेमीला न गेलेल्या चार टीमच्या चार चिठ्ठ्या टाका, एक उचला, ज्याची निघंल त्याला पहिली निवड. राहिलेल्या तिघांना जुन्यासारखं खालनं वर द्या. सगळ्यांना २५ टक्के, मग आठवा येऊन काय मिळणार? विषय संपला.

आकडेमोड:
नाही संपला भावा, उलट वाढला. पहिल्या निवडीचंच बघू नका, दुसरीचं बघा. तुमच्या पद्धतीत आठव्या टीमची चिठ्ठी निघाली तर तिला पहिली, नाही निघाली तर दुसरी, म्हणजे पहिल्या दोनात ती शंभर टक्के आहेच. सातव्या टीमचं काय? तिची स्वतःची चिठ्ठी निघाली तर पहिली, आठव्याची निघाली तर दुसरी, आणि सहाव्या नाहीतर पाचव्याची निघाली की ती थेट तिसरीवर. म्हणजे पहिल्या दोनात यायची संधी निम्मीच. एका सामन्याच्या हार-जितीवर शंभर आणि पन्नास एवढा फरक पडत असेल तर तो कोच काय करणार ते तुम्हीच सांगा.

त्यामुळं चारीच्या चारी जागा चिठ्ठीनंच ठरल्या पाहिजेत. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगनं, एनबीएनं, २०१९ ला हेच केलं. आधी सगळ्यात वाईट टीमला पहिल्या निवडीची २५ टक्के संधी होती आणि फक्त तीनच जागा लॉटरीनं ठरायच्या, त्या बदलानं तळातल्या तिघांना सारखेच १४-१४ टक्के आणि चार जागा लॉटरीनं झाल्या, त्यामुळं सगळ्यात तळातली टीम पाचव्या निवडीपर्यंत घसरू शकत होती. ही घसरायची भीतीच खरं काम करते.

रंकाळा काठ:
बरं, दुसऱ्या निवडीचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मान्य. पण चारी समान केलं तर खरोखर कमजोर टीमनं करायचं काय? १४ सामन्यात एक जिंकणारी टीम आणि सेमी थोडक्यात हुकलेली टीम एकाच मापात? एनबीएत २०२५ ला डॅलसला १.८ टक्के संधी होती तरी पहिली निवड त्यांनाच गेली, तसं हितं झालं तर पालक टीमच सोडून देतील.

बावड्याची आई:
चिठ्ठ्यांचं मला जास्त कळत नाही, पण अशाच एका सामन्यात माझा मुलगा ७० मिनिटं बाकावर होता. दुखापत नाही काही नाही, तापसुद्धा नव्हता. घरी येऊन विचारतो, आई मी वाईट खेळतो का? कोचनं त्याला कारण सांगितलं नव्हतं आणि सांगणार तरी काय. नियम काहीही करा पण त्यात लिहा की प्रत्येक पोराला प्रत्येक सामन्यात अर्धा वेळ तरी खेळवायचं. मग बसवून हरायची सोयच राहत नाही.

आकडेमोड:
ताई, हे नियमात घ्यायलाच पाहिजे. कीपरला पुढं खेळवायचा प्रकार त्यानं थांबणार नाही, पण चांगला पोरगा बसवून ठेवायचं बंद होईल.

गंगावेश कट्टा:
लहान पोरांचा लिलाव चाललाय आणि आता वर लॉटरी? किती पैसे लावायचे एका चिठ्ठीवर?

शाहू स्टेडियम गेट:
पैशाचा काय संबंध नाही हो. लिलाव नाहीच, पोराला कुठल्या टीमनं आधी निवडायचं एवढाच क्रम ठरवायचाय.

गंगावेश कट्टा:
मग माझं दुसरं. शिवाजी पेठेतलं पोरगं चिठ्ठीत निघालं म्हणून मंगळवार पेठेच्या पोरांच्या टीममधनं खेळणार? आपल्या कोल्हापुरात पोरगं आपल्या पेठेतल्या तालमीकडनंच खेळतंय. ड्राफ्टच नको, मग हरायचं कारणच उरत नाही.

शाहू स्टेडियम गेट:
ड्राफ्ट बंद केला तर ज्या पेठेत पोरं जास्त ती टीम कायम वर, म्हणूनच तो सुरू केलाय.

आकडेमोड:
रंकाळा काठ यांचा मुद्दा बरोबर आहे, कमजोर टीमला थोडं जास्त मिळालंच पाहिजे. माझं म्हणणं असं, १० चिठ्ठ्या करा, आठव्या आणि सातव्याच्या तीन-तीन, सहाव्या आणि पाचव्याच्या दोन-दोन. एक निघाली की त्या टीमच्या उरलेल्या चिठ्ठ्या बाजूला काढायच्या आणि पुढची उचलायची, असं चारी जागांना. मी मांडून बघितलं, तळातल्या दोघांना पहिल्या दोनात यायची संधी साधारण ५८ टक्के पडते आणि वरच्या दोघांना ४२. आठवा आणि सातवा अगदी सारखे, म्हणजे गेल्या वर्षीचा तो सामना हरून कुणालाच काही मिळालं नसतं.

लफडं एवढंच की पायरी आता सहा आणि सातच्या मध्ये आली, तिथं कुणी घसरायला बघणारच. म्हणून चिठ्ठ्या किती हे १० सामने झाले की तिथंच गोठवा, शेवटच्या चार सामन्यांचा त्यावर परिणाम नको. दहाव्या सामन्याला बहुतेकांची सेमीची आशा जिवंत असते, तेव्हा हरायला कोण धजणार. आणि ट्रायल लीग संपल्यावर घ्या. तो डावखुरा पोरगा आधी दिसलाच नसता तर त्याच्यासाठी कोण हरलं असतं?

कळंबा लेफ्ट विंग:
गोठवण्यापेक्षा उलटंच करा की. टीम सेमीच्या शर्यतीतनं गणितानं बाहेर पडली की तिथनं पुढं मिळवलेले गुण मोजा, ज्याचे जास्त त्याला पहिली निवड. अमेरिका-कॅनडातल्या बायकांच्या आइस हॉकी लीगमध्ये, पीडब्ल्यूएचएलमध्ये, २०२४ पासून असंच आहे. कमजोर टीम लवकर बाहेर पडते म्हणून तिला सामने जास्त मिळतात, आणि शेवटच्या दिवशीबी जीव तोडून खेळावं लागतं. तुमच्या चिठ्ठ्यांत हरून तोटा नाही एवढंच, हितं जिंकून फायदा आहे.

आकडेमोड:
कल्पना मलाही आवडते, पण १४ सामन्यांत बसवून बघा. तळातली टीम ११ व्या सामन्यानंतर बाहेर पडली तर तिच्या हातात तीन सामने, ते तिन्ही वरच्या टीमशी असले तर शून्य. वरची टीम १३ व्यानंतर बाहेर पडली आणि शेवटचा सामना जिंकली तर तिचे तीन गुण, म्हणजे निवड तिचीच. लांब सीझनला हे जमतं, आपल्याला वेळापत्रकच मारतंय.

कळंबा लेफ्ट विंग:
मग शेवटचे तीन सामने खालच्या चौघांचे एकमेकांशीच लावा.

आकडेमोड:
वेळापत्रक सीझनच्या आधी लागतं, खालचे चार कोण हे तेव्हा कुणाला माहीत? ११ सामन्यांनंतर दोन गट पाडायचे तर फिक्स्चर परत काढावं लागेल आणि मैदान तेवढ्यात मिळालं पाहिजे.

रंकाळा काठ:
अमेरिकेत डब्ल्यूएनबीए दोन सीझनचा निकाल एकत्र धरते, तसं केलं तर? एका सामन्याचं वजनच कमी होतंय.

बावड्याची आई:
दोन वर्षांत निम्मी पोरं वयाबाहेर जातात हो. दोन वर्षांपूर्वी हरली ती पोरं वेगळीच होती.

शाहू स्टेडियम गेट:
अर्ध्या वेळेचा नियम आणि लीगनंतर ट्रायल, हे दोन मी बैठकीत ठेवतोय. १० चिठ्ठ्यांचंबी ठेवतो, पण एक अडतंय. चौथा आला तर सेमी खेळून पहिल्या नंबरशी हरायचं आणि निवड पाचवी, पाचवा आला तर पहिल्या निवडीची २० टक्के संधी. एका मॅनेजरनं आत्ताच विचारलंय, मग चौथं कशाला यायचं?

आकडेमोड:
त्याला पोरांना विचारायला सांगा, शाहू स्टेडियमवर सेमी खेळायची का घरी बसायचं. तरी हा प्रश्न खरा आहे. चौथ्या टीमचीही एक चिठ्ठी टाकायची का यावर माझंच अजून ठरत नाही, कारण मग चौथा आणि तिसरा हाच वाद सुरू होईल.