फॉरवर्डमधली तारीख

"मंडळाच्या कार्यशाळेत पाच मिनिटं बोलायचंय. फोटोतला मजकूर बदललेला कसा ओळखायचा, काय सांगू?"

आमच्या पूर्व भागातल्या कार्यशाळेत मी आधी बोललोच नाही, करून दाखवलं. पाणी बंदची नमुना नोटीस घरीच बनवली होती: "गुरुवार, 14 ऑगस्ट 2025". फोनच्या गॅलरीतल्या एडिटरमध्ये 14 वर पांढरा पट्टा ओढला, वर 24 टाईप केलं. मिनिटभराचं काम. फोटो फिरवला तर कुणालाच काही खटकलं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "अहो, 24 ला रविवार होता की!" दहा दिवस पुढे ढकलले की वार तीननं सरकतो, आणि वार बदलायचं बहुतेक जण विसरतात. सात दिवसांनी ढकललं असतं तर मात्र हा धागा मिळाला नसता.

मग फोटो मोठा करून दाखवला. जुन्या अक्षरांभोवती करडे ठिपके दिसतात, नव्या आकड्याभोवतीचा पांढरा भाग जरा जास्तच स्वच्छ असतो. पण फोटो सेव्ह करून चार वेळा नव्यानं पाठवला की तो दर वेळी पुन्हा कॉम्प्रेस होतो, सगळंच धूसर होतं. आणि अख्खी नोटीस नव्यानं टाईप केली असेल तर झूम करून डोळे दुखतील, बाकी काही नाही.

म्हणून तिथं गूगल लेन्सवर फोटो टाकून जुनी प्रत शोधा. 14 तारखेची सापडली तर प्रश्न मिटला. नाही सापडली तर महापालिकेच्या संकेतस्थळावर बघा, किंवा झोन ऑफिसला फोन लावा. नंबर मात्र त्या फोटोतला नको, तोही बदललेला असू शकतो.