मदत हवी आहे: कारखान्यातल्या अपघाताचे जबाब पुन्हा कसे लिहून घ्यावेत?

टॉवेलगाव_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ऑफिसचं काम बघते. मागच्या आठवड्यात एका मागवाल्याची दोन बोटं मोटारीच्या पट्ट्यात सापडली. माग बंद करून तो पट्टा नीट करत होता आणि मोटार सुरू झाली, असं तो म्हणतो. चौघांचे जबाब मी लिहून घेतले. कामगारांच्या प्रतिनिधीने वाचले आणि म्हणाला, "हे चौघं एकाच तोंडानं बोलल्यासारखं वाटतंय." खरंच आहे. प्रत्येकात माझंच वाक्य आहे, "जॉबरने निष्काळजीपणे मोटार सुरू केली." जॉबर म्हणजे मागांची देखभाल बघणारा. आता पुन्हा घ्यायचे आहेत. माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून नीट करायचं आहे. चौघांपैकी कांड्या भरणाऱ्या मावशी तेलुगू बोलतात.

सात_रस्ता_७७:
माझ्या गाडीला ठोकलं तेव्हा पंचनाम्याची नक्कल मिळवायला पंधरा चकरा झाल्या. तुम्ही आधी पंचनाम्याची नक्कल घ्या, विम्याला तीच लागते.

टॉवेलगाव_सोलापूर:
दादा, विम्याचं नंतर बघू. ही आतली चौकशी आहे.

वकिली_शिकतोय:
जबाबावर सही घ्यायची नसते, हे लक्षात ठेवा.

जुना_चौकशीवाला:
ते पोलिसांच्या जबाबाचं. पोलीस तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १८१ मध्ये आहे. कारखान्याच्या आतल्या चौकशीला ते लागू नाही. इथे प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा घ्या.

ताई, आता तुमचं. त्या मावशी नेमकं काय म्हणाल्या होत्या, आठवतं का?

टॉवेलगाव_सोलापूर:
"ओरडणं ऐकलं, वळून बघितलं, जॉबरचा हात बटनावर होता." मी त्याचंच "सुरू केली" केलं.

जुना_चौकशीवाला:
घोळ तिथेच झालाय. ओरडणं आधी आणि बटनावरचा हात नंतर. म्हणजे जॉबर मोटार बंद करायला धावला असू शकतो! मावशींनी सुरू करताना पाहिलंच नाही. तुमच्या वाक्याने एका माणसावर ठपका बसला.

आता त्यांना बोलू द्या, मधे तोडू नका. बोलतील तसंच लिहा, "मी" असंच. मग प्रश्न विचारा, आणि प्रश्नही कागदावर लिहा, त्याखाली उत्तर. "जॉबरने सुरू केली ना?" असं विचारू नका. "वळलात तेव्हा पट्टा फिरत होता की थांबला होता?" असं विचारा. "दिसला नाही" हेही उत्तरच आहे, तेही लिहा.

मग त्यांना शेडमध्ये घेऊन जा. जिथे बसल्या होत्या तिथे बसवा, तोंड कुठे होतं ते बघा. पावलं मोजा, मधे खांब किंवा बीम येतो का बघा. पट्टा मागाच्या पलीकडच्या बाजूला असेल तर तिथून तो दिसणारच नाही. साधा नकाशा काढून त्यावर त्यांची जागा आणि बटनाची जागा दाखवा. बाकीचे माग चालू असतील तर ओरडणं ऐकू येतं का, तेही तपासा.

टॉवेलगाव_सोलापूर:
वॉचमनने तर "जॉबरने बटन दाबलं" असंच ठाम सांगितलंय. पण तो गेटवर होता की हो.

जुना_चौकशीवाला:
मग त्याने पाहिलेलं नाही. "गेटवर होतो, अमक्याने सांगितलं" असंच लिहा, सांगणाऱ्याचं नाव घाला. मग त्या सांगणाऱ्याचा जबाब घ्या. आणि चौघांना एका खोलीत बसवू नका.

पद्मनगरवाला:
तेलुगूचं मी सांगतो, आमच्या घरात तीच. मावशी "बटन मीद चेय्यि उंडे" म्हणाल्या असतील तर हात बटनावर होता. "बटन वेसाडु" म्हणाल्या असतील तर सुरू केलं. मराठी करताना हे दोन्ही एक होऊन जातात. म्हणून मूळ शब्द देवनागरीत लिहा, खाली मराठी. भाषांतर कुणी केलं त्याचं नाव आणि सही घ्या, आणि तो जॉबरचा पाव्हणा नसावा.

टॉवेलगाव_सोलापूर:
फोनवर रेकॉर्ड केलं तर? आणि जुने जबाब फाडून टाकू का?

जुना_चौकशीवाला:
फाडू नका! जुनेही फाईलमध्ये राहू द्या. नव्यावर तारीख, वेळ आणि "पहिला जबाब माझ्या शब्दांत नव्हता म्हणून पुन्हा" हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. चूक झाली तर एक रेघ मारा, बाजूला सही करा, व्हाइटनर नको. शेवटी वाचून दाखवा, मावशींना तेलुगूतच.

वकिली_शिकतोय:
रेकॉर्डिंग कराच, नंतर कोणी शब्द फिरवले तर कळेल.

पद्मनगरवाला:
फोन समोर ठेवला की मावशी गप्प बसतील. आमच्या आईचं तसंच झालं होतं.

टॉवेलगाव_सोलापूर:
फोनचं मावशींनाच विचारते. उद्या सकाळच्या पाळीआधी त्यांना शेडमध्ये घेऊन जाते. बटन आणि त्यांची जागा यांमध्ये खांब आहे, हे आज जाऊन बघितलं.

जुना_चौकशीवाला:
मग बसून बघा, खांबाच्या कुठल्या बाजूने दिसतं ते. कळवा इथे.