मदत हवी आहे: रोजच्या कल्पनावहीतून महिनाअखेरीस काहीच हाती लागत नाही

माळावरचा
नमस्कार. गेल्या पावसाळ्यापासून मी सुचलेल्या कल्पना रोज रात्री एका वहीत लिहितो आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळी पाने वाचून काढतो. अशा वाचनातून पुन्हा पुन्हा येणारे विषय दिसू लागतात आणि त्यांपैकी कशाच्या मागे लागावे ते कळते, असे मला सांगण्यात आले होते. मला तसे काहीही दिसत नाही. कधी प्रत्येक कल्पना चांगली वाटते, तर कधी सगळ्याच निरुपयोगी वाटतात. दसऱ्याच्या सुमारास थोडी रक्कम नव्या कामात घालायची आहे आणि ते काम कोणते हे या वहीतूनच ठरवायचे आहे. वाचण्याची पद्धत चुकते आहे काय? कृपया नेमके सांगावे. ‘लिहीत राहा’ हा सल्ला मला अनेकांनी आधीच दिलेला आहे.

निखळ
कागदी वहीत हे होणारच नाही. मी फोनवर नोंदी ठेवतो आणि प्रत्येक नोंदीला त्याच वेळी दोन-तीन खुणेचे शब्द जोडतो. महिनाअखेरीस कोणता शब्द किती वेळा आला हे एका दृष्टिक्षेपात दिसते. ज्या शब्दाची संख्या सर्वांत मोठी, तोच आपला विषय. आपण सगळी वही टंकित करून घ्यावी, म्हणजे प्रश्न सुटेल.

जुनी_पेढी
निखळ, साधन बदलल्याने हे काम होणार नाही. मी आयुष्यभर हिशेब लिहिले. रोजकीर्द नुसती वाचून कोणत्याही व्यापाऱ्याला आपले येणे किती हे कळत नाही, कारण तिथे सगळे व्यवहार तारखेच्या क्रमाने एकापाठोपाठ पडलेले असतात. ते कळते खतावणीत, जिथे प्रत्येक रक्कम आपापल्या खात्यावर जाते. माळावरचा, आपण महिनाअखेरीस रोजकीर्दच पुन्हा वाचत आहात. वेगळी वही घ्या, एकेका विषयाला एकेक पान द्या आणि प्रत्येक नोंद तिच्या पानावर उतरवा. उतरवताना हाताला जे कळते ते डोळ्यांना कळत नाही.

प्रयोगवही
पेढीकाकांचे म्हणणे मला पटते, पण खाती कोणत्या नावाने उघडायची हे ठरल्याशिवाय त्याचा उपयोग होणार नाही. माळावरचा, आपला व्यवसाय काय आहे हे आपण सांगितलेले नाही. तो सांगा आणि वहीतील चार-पाच नोंदी जशाच्या तशा इथे द्या. नोंदींना तारखा आहेत काय? आणि कल्पना सुचण्याआधी काय घडले होते, हे आपण लिहिता काय?

शाईदौत
मी कथा लिहिते आणि माझ्याकडे अशा अनेक वह्या आहेत. माझा अनुभव असा, की महिन्याने वाचणे ही फार घाई होते. लिहिलेले आपल्याला परके वाटू लागेपर्यंत थांबावे. मी किमान वर्षभर वही उघडत नाही. नंतर वाचताना, नकळत तीनदा लिहिलेला तोच माणूस किंवा तेच घर एकदम समोर येते. वही पावसाळ्यात दमट होत असेल, तर शिशपेन्सिल वापरावी.

माळावरचा
शाईदौतताई, आभारी आहे, पण माझ्या हाती वर्ष नाही. प्रयोगवही, व्यवसाय सांगायचा राहिला. सांगोला तालुक्यात माझे ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान आहे आणि बहुतेक गिऱ्हाईक डाळिंबाचे बागायतदार आहेत. तारखा प्रत्येक नोंदीला आहेत. आधी काय घडले ते लिहीत नाही, कारण वही कल्पनांची आहे. एप्रिल आणि मे महिन्यांतील काही नोंदी अशा:

‘ठिबक दुरुस्तीचे छोटे व्हिडिओ तयार करावेत.’
‘जुने ड्रिपर घेऊन नवे सवलतीत द्यावेत.’
‘नळीच्या टोकाच्या टोप्या लाल रंगाच्या ठेवाव्यात.’
‘मोठा फिल्टर भाड्याने द्यावा.’
‘दुसरी शाखा उघडावी.’
‘खतविक्रेत्याबरोबर भागीदारी करावी.’

यांत समान काय आहे ते मला दिसत नाही.

निखळ
समान काही नाही म्हणूनच शब्द जोडायला हवेत. व्हिडिओला ‘जाहिरात’, ड्रिपरला ‘सवलत’, शाखेला ‘विस्तार’.

प्रयोगवही
निखळ, तसे केले तर सहा नोंदींना सहा वेगळे शब्द मिळतील आणि वही आज आहे तशीच विखुरलेली राहील. शोधण्याची सोय फोनवर चांगली असते हे मान्य. पण लिहिताना जोडलेला शब्द उत्तराचे वर्णन करतो, आणि एकाच अडचणीवर माणसाला सहा वेगवेगळी उत्तरे सुचू शकतात. म्हणून उत्तरे मोजून हाती काही लागत नाही. ज्या प्रसंगामुळे ते उत्तर सुचले तो प्रसंग मोजावा लागतो.

माळावरचा, आपल्या वहीत नेमका तोच भाग नाही, परंतु आपल्याजवळ तारखा आहेत आणि दुकानात बिलबुक असणारच. प्रत्येक नोंदीच्या तारखेचे बिलबुक उघडा, त्या दिवशी कोण आले होते आणि काय घेऊन गेले ते पाहा, आणि जेवढे खात्रीने आठवेल तेवढेच नोंदीसमोर एका ओळीत लिहा. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. त्याबरोबर पहिल्या पानापासून सर्व नोंदींना सलग क्रमांक द्या, म्हणजे एका नोंदीतून दुसरीचा उल्लेख करता येतो. मायकेल फॅरडेने 1832 पासून आपल्या प्रयोगांच्या दैनंदिनीतील परिच्छेदांना असेच सलग क्रमांक दिले आणि ते 16,041 पर्यंत गेले. जुन्या निरीक्षणाकडे परत जाण्यासाठी त्याला फक्त आकडा लिहावा लागत असे.

माळावरचा
दोन रात्री बसून एप्रिल आणि मे हे महिने केले. व्हिडिओची कल्पना सुचली त्या दिवशी एक बागायतदार ओळीच्या शेवटच्या झाडांना पाणी पोहोचत नाही म्हणून आला होता. ड्रिपर बदलण्याची कल्पना, एकाने बंद पडलेल्या ड्रिपरची पिशवी गल्ल्यावर ओतली त्या दिवशीची आहे. लाल टोप्या सुचल्या, कारण टोप्या उघडून नळ्या धुवायच्या असतात हे एकाला ठाऊकच नव्हते. फिल्टरच्या नोंदीमागे आणि खतविक्रेत्याच्या नोंदीमागेही ड्रिपर बुजल्याचीच तक्रार आहे. शाखेच्या नोंदीमागे काहीही आठवले नाही. म्हणजे ड्रिपर बुजणे हाच माझा विषय आहे आणि नळ्या धुऊन, आम्ल सोडून देण्याची फिरती सेवा सुरू करावी, असे दिसते. हे बरोबर आहे काय?

जुनी_पेढी
बघा, खात्याचे नाव मिळाले. आता हिशेब जुळेल.

डाळिंबकर
वहीच्या पद्धतीतले मला कळत नाही, पण माझी स्वतःची बाग आहे आणि आम्लाचा उल्लेख वाचून लिहीत आहे. ड्रिपर बुजणे हा एक रोग नाही. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार बसला असेल तरच आम्लाचा उपयोग होतो. त्यासाठी नळीतल्या पाण्याचा सामू 4 च्या आसपास आणून नळ्या 24 तास तशाच भरून ठेवायच्या आणि नंतर टोप्या उघडून जोरात धुवायच्या. शेततळ्याच्या पाण्याने शेवाळाचा बुळबुळीत थर बसला असेल, तर तिथे क्लोरीन लागते. मातीचे कण असतील तर दोन्ही व्यर्थ आहेत, कारण दोष फिल्टरमध्ये असतो. ओळखण्यासाठी बुजलेला ड्रिपर फोडून आतल्या थरावर आम्लाचा थेंब टाका. फसफसले तर क्षार, बोटांत घासून रवाळ लागले तर माती. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. आम्ल आणि क्लोरीन एका वेळी सोडू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

प्रयोगवही
डाळिंबकर, वहीविषयी बोलत नसल्याचे तुम्ही म्हणता, पण या धाग्यावरचे वहीविषयीचे सर्वांत मोलाचे उत्तर मला हेच वाटते. माळावरचा, आपण ज्याला एक विषय म्हणता ते कदाचित तीन निरनिराळ्या अडचणींना पडलेले एकच नाव आहे. ‘ड्रिपर बुजले’ हे गिऱ्हाइकाचे शब्द आहेत. वहीत त्यापुढे पाणी बोअरचे की शेततळ्याचे, थर पांढरा की बुळबुळीत, हेही यायला हवे.

आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली अशी, की त्या तक्रारी वेगवेगळ्या बागायतदारांच्या आहेत काय? एकच माणूस चार वेळा आला असेल, तर तो एकच पुरावा समजावा. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. विषयाला एकदा नाव मिळाले की तो आपल्याला सर्वत्र दिसू लागतो, त्यामुळे आजपासून पुढच्या नोंदींत बुजलेले ड्रिपर वाढतील, पण ती वाढ खरी असेलच असे नाही. नाव मिळण्यापूर्वी लिहिलेल्या नोंदींनाच अधिक वजन द्या. पुढे, विरुद्ध जाणारी प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी टिपा: कोणी स्वतःच नळ्या धुतल्या, कोणी धुण्यासाठी पैसे द्यायला नकार दिला. आपल्या मताला छेद देणाऱ्या गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, म्हणून त्या ताबडतोब लिहून ठेवण्याचा नियम डार्विनने पाळला होता आणि आत्मचरित्रात तो नोंदवूनही ठेवला आहे.

निखळ
पण हे सगळे फोनवर अधिक सहज झाले नसते काय? प्रसंग, गिऱ्हाईक आणि पाण्याचा प्रकार असे तीन रकाने केले असते, तर दोन रात्री बिलबुक चाळावे लागले नसते.

प्रयोगवही
आता आपण सांगता ते रकाने मला मान्य आहेत, कारण ते प्रसंगाचे आहेत. ते वहीत आखले काय किंवा फोनवर केले काय, मला फरक वाटत नाही.

जुनी_पेढी
मला वाटतो. पण तो वाद वेगळ्या धाग्यावर घालू.

माळावरचा
पुन्हा बसून पाहिले. तक्रारी निरनिराळ्या बागायतदारांच्या आहेत, फक्त टोप्यांची आणि फिल्टरची नोंद एकाच माणसामुळे झालेली आहे. तिघांचे पाणी बोअरचे आहे आणि एकाचे शेततळ्याचे. कालच आलेल्या एकाने, मजुरी परवडत नाही म्हणून नळ्या घरीच धुतो, असे सांगितले. ते क्रमांक देऊन लिहून ठेवले आहे. मला अडते ते वेगळ्याच ठिकाणी. मागे जाऊन पावसाळ्यातील नोंदी चाळल्या, तर ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ही तक्रार जवळजवळ नाही. तिथे उंदरांनी नळ्या कुरतडल्याच्या आणि मोटर जळाल्याच्या गोष्टी आहेत. मग महिन्याचे वाचन कशाला म्हणायचे?

डाळिंबकर
उन्हाळ्यात बोअरचे पाणी खाली जाते तसे क्षार वाढतात आणि पाणी जास्त वेळ सोडावे लागते. पावसाळ्यात ठिबक बंदच असते, त्यामुळे बुजले तरी कोणाला कळत नाही. बहार धरताना पहिल्यांदा मोटर सुरू केली की सगळे दुकानाकडे धावतात.

शाईदौत
म्हणून मी वर्षभर थांबावे असे म्हटले होते.

प्रयोगवही
ताई, या बाबतीत तुमचे निम्मे म्हणणे मला आता मान्य करावे लागेल. महिन्याचे वाचन टाळू नये, कारण प्रसंग आठवण्याची मुदत तेवढीच असते. जिथे माळावरचा यांना बिलबुक पाहूनही काही आठवले नाही, त्या नोंदी कायमच्या हातच्या गेल्या. मात्र शेतीवर चालणाऱ्या धंद्यात निवड करताना एक महिना समोर ठेवणे धोक्याचे आहे. महिनाअखेरीस नोंदी खात्यावर चढवाव्यात आणि निर्णय घेताना बहाराबहाराची तुलना करावी, असे मला वाटते. पूर्ण वर्षाच्या नोंदी नसताना दसऱ्याला रक्कम घालावी की नाही, हे मी सांगू शकत नाही.

माळावरचा
रक्कम पूर्ण घालणार नाही. बहार धरण्याआधी बोअरच्या त्या तीन बागांतले दोन-दोन ड्रिपर फोडून थेंबाची परीक्षा घेतो आणि नळ्या धुऊन देण्याचे किती पैसे द्याल, हे त्यांनाच विचारतो. डाळिंबकर, आम्ल किती लागेल हे पाण्यावर ठरत असेल, तर ते बागेतच मोजण्याची सोपी रीत कोणती?

डाळिंबकर
बादलीत मोजून पाणी घ्या, मापाने थोडे थोडे आम्ल सोडत जा आणि सामू दाखवणाऱ्या कागदाने तपासत राहा. 4 ला किती लागले ते लिहा आणि त्यावरून नळ्यांतल्या पाण्याचा हिशेब करा. प्रत्येक बोअरचे वेगळे येईल, शेजारच्या बागेचा आकडा वापरू नका. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.