मदत हवी आहे: लिमिटिंग रिएजंट कळला, पण उरलेला नायट्रोजन किती?

अकरावीच्या गृहपाठातलं गणित आहे. 56 ग्रॅम नायट्रोजन आणि 10 ग्रॅम हायड्रोजन घेतले, प्रत्यक्षात 42.5 ग्रॅम अमोनिया मिळाला. टक्केवारी उतारा काढा आणि किती नायट्रोजन उरला ते सांगा.

N₂ + 3H₂ → 2NH₃

मोल आले 2 आणि 5. नायट्रोजनचे मोल कमी म्हणून मी त्यालाच लिमिटिंग धरलं, तर उतारा 62.5% आला. उत्तरसूचीत 75% आहे. अणुभार दोनदा तपासले, चूक तिथे नव्हती. मग उलटं गणित केलं: 42.5 भागिले 0.75 म्हणजे 56.67 ग्रॅम, म्हणजे 3.33 मोल अमोनिया. हे तर 5 मोल हायड्रोजनपासूनच येतं! 2 मोल नायट्रोजनला 6 मोल हायड्रोजन लागतो, हे मी पाहिलंच नव्हतं. इथवर पटलं.

अडलंय पुढे. हायड्रोजन पूर्ण संपला असं धरलं तर 0.33 मोल, म्हणजे 9.33 ग्रॅम नायट्रोजन उरतो. पण अमोनिया 2.5 मोलच मिळालाय, त्याला 1.25 मोल नायट्रोजन पुरतो. मग 21 ग्रॅम उरायला हवा. सूचीत या भागाचं उत्तर नाही आणि उतारा कमी का आला हेही गणितात दिलेलं नाही. अशा वेळी परीक्षेत कोणतं उत्तर लिहायचं, आणि का?