मदत हवी: रोज 576, ओव्हरटाइम डबल, पण हिशेब जुळत नाही

डिचोलीकर07
मंडळी, जरा लवकर सांगा. भाऊ कुंडई इस्टेटीत पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टरकडून, रोज 576 रुपये. मागच्या आठवड्यात चार दिवस संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबवलं आणि ओव्हरटाइमचे 1024 हातात दिले. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो डबलनेच दिलेत, आमचं गणित जास्त येतं. बरोबर किती यायला हवेत? उद्या त्याच्याशी बोलायचंय, मला फक्त आकडा द्या.

म्हापशेकर
अहो आकडा कसा देणार, सकाळी किती वाजता लागतो तेच लिहिलं नाहीत. जेवणाची सुट्टी किती? बाकीच्या दिवशी किती वाजता सुटला? रविवारी होता का?

डिचोलीकर07
8 ला लागतो, जेवणाला अर्धा तास, उरलेले दोन दिवस साडेचारला सुटला. रविवार सुट्टी. सगळ्यांचीच शिफ्ट अशी असते म्हणून लिहिलं नाही.

किनारा_कामगार
आमच्याकडे कळंगुटला हॉटेलात तर सीझनमध्ये 12 तास करून घेतात आणि वर म्हणतात सर्व्हिस चार्ज मिळतो ना, मग ओव्हरटाइम कशाला. डिसेंबरमध्ये तर साप्ताहिक सुट्टी पण नाही. त्याचं काय करायचं ते पण सांगा कोणीतरी.

म्हापशेकर
हॉटेलला फॅक्टरीचा कायदा नाही लागत, वेगळा धागा काढा ना रे, इथे गोंधळ होईल.

पेरोल_पर्वरी
मी पगारपत्रक बनवते म्हणून सांगते, ओव्हरटाइम फक्त बेसिकवर काढतात. महिन्याचं बेसिक 26 ने भागायचं, मग 8 ने, मग डबल. स्लिपवर बेसिक किती आहे ते बघा, 576 पूर्ण धरू नका. आणि पीएफ ओव्हरटाइमवर कापत नाहीत, ईएसआय कापतात, ते पण तपासून घ्या.

डिचोलीकर07
बेसिक 430, व्हीडीए 146. पीएफचं मी विचारलंच नाही ताई.

वेर्णा_टाइमऑफिस
टाइम ऑफिसात आयुष्य गेलं, हाच हिशेब करत. आधी 1024 आले कुठून ते बघा म्हणजे उद्या बोलायला सोपं जाईल. 576 ला 9 ने भागलं की 64. त्याचं डबल 128. आणि 128 गुणिले 8 तास बरोबर 1024. म्हणजे त्याने दर 9 ने भागून काढलाय आणि रोजचे 9 तास सोडून वरचे धरलेत. चार दिवस तुमचा भाऊ 11 तास होता, जेवण वजा करून, म्हणजे रोजचे 2, एकूण 8. डबल दिलं हे खरं, पण दर आणि तास दोन्ही कमी धरले.

आता दर. ज्या दिवशी तो साडेचारला सुटतो त्या दिवशी 8 तासच काम होतं आणि 576 पूर्ण मिळतात ना? मग तासाचा दर 72 झाला, 64 कसा होईल. 9 हा आकडा फॅक्टरी ॲक्टच्या कलम 59 मध्ये आहे, पण तो कधीपासून ओव्हरटाइम सुरू होतो त्यासाठी, रोजंदारी कितीने भागायची त्यासाठी नाही. 72 चं डबल 144.

मग तास. त्याच कलमात दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 असं आहे, आणि कॉन्ट्रॅक्टर लोक दुसरा अर्धा विसरतात. चार दिवसांचे 44, दोन दिवसांचे 16, एकूण 60. 48 गेले की 12 उरतात. म्हणजे रोजच्या हिशेबाने 8 तास, आठवड्याच्या हिशेबाने 12. दोन्हींची बेरीज करून 20 म्हणू नका, कारण 8 तास 12 मध्ये आलेच. 12 गुणिले 144, 1728. तुमचे 704 रुपये राहिलेत.

आणि पर्वरीच्या ताईंना सांगतो, ओव्हरटाइमचा दर बेसिक अधिक भत्ते असा असतो, बोनस आणि ओव्हरटाइम सोडून. व्हीडीए त्यात येतोच. 26 चा भागाकार महिन्याच्या पगारवाल्यांसाठी, इथे रोजचा आकडा समोर असताना कशाला फिरून यायचं.

पेरोल_पर्वरी
आमच्याकडे ऑडिटला बेसिकवरच पास होतं, सॉफ्टवेअरच तसं आहे. व्हीडीएचं मी उद्या बघते. पण मला 8 चं पटत नाही, अपॉइंटमेंट लेटरवर 9 तासांची शिफ्ट लिहिलेली असेल तर 9 नेच भागणार ना?

वेर्णा_टाइमऑफिस
9 तासांची शिफ्ट सहा दिवस केली तर 54 होतात, म्हणजे दर आठवड्याला आपोआप 6 तास ओव्हरटाइम. तसं लिहिणारा स्वतःच अडकतो. आणि इथे प्रत्यक्षात साडेचारला सोडतात, तेव्हा कागद काय म्हणतो त्याआधी पंचिंग बघा.

फोंडा_बस
साडेसातला सुटून डिचोलीला जायला कुंडईवरून बस मिळते का हो? माझा मुलगा तिकडेच लागणार आहे, फोंड्याहून शेवटची चुकली की पंचाईत.

डिचोलीकर07
भाऊ मित्राच्या गाडीने येतो. मूळ मुद्दा चालू ठेवूया प्लीज. 1728 म्हणून सांगू ना उद्या?

म्हापशेकर
थांबा, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड आलेत, त्यात दिवसाला 8 तास आहेत. मग 9 विसरा, रोजचे 3 तासच धरा, चार दिवसांचे 12. तेवढंच येतं.

वेर्णा_टाइमऑफिस
हो, पूर्ण आठवडा भरला असेल तर दोन्हीकडून 12 च, म्हणून मी आठवड्यावर जोर दिला, त्यात वाद नाही. फरक पडतो एखादी दांडी झाली की. समजा साडेसातच्या चारपैकी एक दिवस तो गेलाच नाही. मग तीन दिवस 33 आणि दोन दिवस 16, एकूण 49. आठवड्याने बघितलं तर एकच तास. पण रोज 9 च्या वर 2 तास गेलेच होते, म्हणजे 6 तास, 864 रुपये. कॉन्ट्रॅक्टर अशा वेळी मुद्दाम आठवडा दाखवून 144 देतो. जो हिशेब जास्त येईल तो घ्यायचा.

म्हापशेकर
आणि रोज 8 धरले तर 9 तास, 1296. मी तेच म्हणणार. जुनं कलम घेऊन बसायचं कशाला?

वेर्णा_टाइमऑफिस
कॉन्ट्रॅक्टर ते मानेल असं वाटत नाही. मी असतो तर आधी 864 पदरात पाडून घेतले असते.

किनारा_कामगार
आमचा धागा काढलाय, तिकडे पण या जरा.

डिचोलीकर07
बोलून आलो. त्याला 64 आणि 8 तास असं तोंडावर सांगितल्यावर गप्प झाला. 48 वरचं मान्य केलं, म्हणजे 12 तास देतो म्हणाला, पण 9 ने भागणं सोडत नाही. 12 गुणिले 128, 1536. म्हणजे अजून 192 राहतात. म्हणतो सगळ्या पोरांना तोच दर आहे, एकालाच कसा बदलू.

वेर्णा_टाइमऑफिस
सगळ्यांना म्हणजे मग सगळ्यांचेच राहिलेत. पंचिंगची नोंद आणि स्लिपांचे फोटो काढून ठेवा. मग कंपनीच्या एचआरला लेखी द्या, कॉन्ट्रॅक्टरला नाही, कारण कॉन्ट्रॅक्टरने दिले नाहीत तर कंपनीला द्यावे लागतात. तिथेही नाही झालं तर पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात लेबर ऑफिस आहे. चारपाच पोरं एकत्र गेली तर बरं.

डिचोलीकर07
देव बरें करूं काका. पोरं तयार आहेत, एकदोघं घाबरतात, काढून टाकतील म्हणून. एचआरला अर्ज मराठीत चालेल का?

पेरोल_पर्वरी
चालतो. त्यात तारखेवार तास लिहा, आठवड्याची बेरीज वेगळी. नुसतं पैसे कमी दिले असं लिहिलं तर आमच्यासारखे लोक बाजूला ठेवतात.